पाण्यावरचा सर्वांत संथ तरंग: १.७ सेंटिमीटरची जागा कशी शोधायची

पाटाच्या वाहत्या पाण्यात उदबत्तीची काडी उभी धरली, की काडीच्या पुढे, म्हणजे पाणी येते त्या बाजूला, बारीक बारीक रेघा दिसतात. मागच्या बाजूला रुंद, मऊ लाटा असतात. दोन्ही जागच्या जागी उभ्या असतात. पाणी त्यांच्याखालून निघून जाते. पाटाचे दार थोडे खाली करून प्रवाह मंदावला, तर पुढच्या रेघा विरळ होत जातात, मागच्या लाटा आखूड होतात, आणि एका ठरावीक वेगाखाली दोन्ही एकदम नाहीशा होतात. काडी तीच, पाणी तेच, पण पृष्ठभाग सपाट. तो वेग स्वच्छ पाण्यासाठी सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटर आहे. यापेक्षा हळू जाणारा तरंग खोल पाण्याच्या पृष्ठभागावर नसतोच.

१८७१ मध्ये विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी हेच स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ आपल्या शिडाच्या बोटीवरून पाहिले. त्यांच्याकडे काडीऐवजी पाण्यात सोडलेली मासे धरायची दोरी होती. वेग मोजण्यासाठी त्यांनी भिजवलेले कागदाचे तुकडे पाण्यावर टाकले आणि ठरावीक अंतर ओलांडायला त्यांना किती वेळ लागतो ते पाहिले. कागद भिजवायचा तो वाऱ्याने ढकलला जाऊ नये म्हणून. या मोजणीत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ त्यांच्या मदतीला होते. मोजलेला किमान वेग आणि सूत्राने काढलेला वेग जवळजवळ एकच निघाला.

या लेखात तोच प्रयोग दोन टप्प्यांत आहे. आधी काडी आणि फोन एवढ्यावर, मग तबक आणि लाऊडस्पीकर घेऊन नेमकेपणाने. दोन्हीकडे नजर ठेवायची ती एकाच गोष्टीवर: सर्वांत कमी वेग "दिसतो" तिथे तो शोधायला गेलात, तर जागा चुकते. ती काढावी लागते दोन्ही बाजूंच्या तरंगांवरून.

दोन बळे, एक सूत्र

पाण्याचा पृष्ठभाग वर उचलला गेला की त्याला पुन्हा सपाट करू पाहणारी दोन बळे असतात. एक पाण्याचे वजन, म्हणजे गुरुत्व. दुसरे पृष्ठताण, जे ताणलेल्या पडद्यासारखे प्रत्येक बाक सरळ करू पाहते. लाट लांब असेल तर बाक कमी, म्हणून पृष्ठताणाला फारसे काम नसते आणि लाट गुरुत्वावर चालते. तरंग बारीक असेल तर बाक तीव्र असतो आणि पृष्ठताण पुढाकार घेतो. पहिल्या प्रकाराला गुरुत्व लाटा म्हणतात, दुसऱ्याला केशिका तरंग. (हिंगोली जिल्ह्यात ज्यांच्यासाठी वेधशाळा होत आहे त्या गुरुत्वीय लहरी अगदी वेगळ्या, त्या अवकाशाच्याच असतात, पाण्याशी त्यांचा संबंध नाही.)

खोल पाण्यावर तरंगाच्या शिखराचा वेग c आणि तरंगलांबी λ यांचे नाते असे:

```
c² = gλ/2π + 2πσ/(ρλ)
```

g म्हणजे गुरुत्वत्वरण, σ पृष्ठताण, ρ घनता. मुंबईच्या आसपास g सेकंदाच्या वर्गाला ९७९ सेंटिमीटर आणि २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण ७२ डाइन प्रति सेंटिमीटर धरला, तर सर्व मापे सेंटिमीटर आणि सेकंदात ठेवून सूत्र एवढेच उरते:

```
c² = 155.8 λ + 453.6/λ
```

पहिले पद λ बरोबर वाढते, दुसरे कमी होते. पण दोघांचा गुणाकार λ कितीही असली तरी तोच राहतो. गुणाकार ठरलेला असताना बेरीज सर्वांत लहान केव्हा? दोन्ही पदे सारखी असतील तेव्हा. ठरलेल्या क्षेत्रफळाच्या आयतांत चौरसाला सर्वांत कमी कुंपण लागते, तसेच. म्हणजे जिथे गुरुत्व आणि पृष्ठताण निम्मा-निम्मा वाटा उचलतात, तिथेच वेग किमान असतो. १५५.८ λ = ४५३.६/λ यावरून λ निघते १.७१ सेंमी, वेग सेकंदाला २३.१ सेंमी, आणि वारंवारता सुमारे १३.५ हर्ट्झ. या लांबीपेक्षा आखूड तो केशिका तरंग, लांब ती गुरुत्व लाट. ही सीमारेषा केल्व्हिन यांनीच आखली.

आणखी एक वेग समजून घेतला नाही तर काडीपुढच्या रेघा पुढेच का असतात हे कळत नाही. शिखर ज्या वेगाने सरकते तो एक, आणि तरंगांचा सबंध समूह, म्हणजेच त्यातली ऊर्जा, ज्या वेगाने पुढे जाते तो दुसरा. अगदी बारीक केशिका तरंगांत समूह शिखराच्या दीडपट वेगाने जातो, लांब गुरुत्व लाटांत निम्म्याने. काडीजवळचे उभे तरंग प्रवाहाच्या वेगाइतक्याच वेगाने उलट दिशेला चालत असतात, म्हणून ते आपल्याला स्थिर दिसतात. बारीक तरंगांची ऊर्जा त्याहून जलद, म्हणून ती प्रवाहाविरुद्ध पुढे सरकते. लांब लाटांची हळू, म्हणून ती मागे वाहून जाते. किमान वेगाच्या ठिकाणी दोन्ही वेग समान असतात, आणि तिथे पुढे-मागे हा भेदच उरत नाही. समूहवेगाची स्वतःची किमान जागा मात्र वेगळी आहे: सुमारे ४.३ सेंमी लांबीला, सेकंदाला १७.७ सेंमी. पुस्तकांत हे दोन आकडे जवळजवळ छापलेले असतात आणि त्यांची अदलाबदल होते. काडीच्या प्रयोगात उंबरठा ठरवणारा आकडा २३.१ हाच.

पहिला टप्पा: काडी आणि एक फोटो

जागा अशी निवडा की पाणी एकसारखे वाहते, खोली किमान चार-पाच सेंमी आहे आणि वारा नाही. शेतातला सिमेंटचा पाट उत्तम. मातीच्या पाटात तळाच्या उंचवट्यांमुळे पृष्ठभागावर आधीच लाटा असतात. काडीची जाडी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उदबत्तीची मसाला नसलेली बाजू किंवा सायकलचा स्पोक चालतो. जाड काठी घेतली तर तिच्यापुढे पाणी साचून उंचवटा होतो, आणि बारीक रेघांमधले अंतर बिघडते.

काडी प्रवाहाच्या मध्यभागी सरळ उभी धरा आणि तिच्या शेजारी, पाण्याच्या पातळीलाच, एक पट्टी धरा. फोन बरोबर वरून, आडवा. फोटोत काडीच्या नेमके पुढे सलग चार-पाच रेघांचे अंतर मोजून त्यातील एका तरंगाची लांबी काढा. मागे दोन-तीन लाटांवरून तेच करा. मोजमाप काडीतून जाणाऱ्या मधल्या रेषेवरच हवे. बाजूला रेघा वाकून तिरप्या होतात आणि तिथले अंतर वेगळे असते.

आता खरी गंमत. प्रवाहाचा वेग c असेल तर पुढची λ₁ आणि मागची λ₂ या दोन्ही वरच्या सूत्राला त्याच c साठी बसतात. म्हणजे त्या एकाच वर्गसमीकरणाच्या दोन मुळी आहेत. मुळींचा गुणाकार आणि बेरीज लगेच मिळते:

```
λ₁ · λ₂ = λm²
λ₁ + λ₂ = c²/155.8
```

λm म्हणजे किमान वेगाची तरंगलांबी. प्रवाह कितीही जलद असो, पुढच्या आणि मागच्या लांबीच्या गुणाकाराचे वर्गमूळ तेच येते. समजा पुढे ७ मिमी आणि मागे ४.२ सेंमी भरली. ०.७ × ४.२ = २.९४, वर्गमूळ १.७१ सेंमी. बेरीज ४.९, तिला १५५.८ ने गुणले की ७६३, वर्गमूळ २७.६. म्हणजे पाणी सेकंदाला २७.६ सेंमी वेगाने वाहत आहे. ताळा करायला भिजवलेला कागदाचा तुकडा काडीच्या रेषेत दोन मीटर वाहू द्या. त्याला सव्वासात सेकंदांच्या आसपास लागायला हवेत. घड्याळाचा आकडा आणि लाटांचा आकडा पाच टक्क्यांच्या आत जुळला तर फोटो भरवशाचा. जुळला नाही, तर बहुतेक वेळा पट्टी पाण्याच्या पातळीवर नव्हती किंवा कागद कडेच्या मंद धारेत गेला होता.

उंबरठा थेट पाहायचा असेल तर पाटाचे दार हळूहळू खाली करा. २३ च्या जवळ आल्यावर पुढचे आणि मागचे तरंग दोन्ही १.७ सेंमीकडे सरकतात आणि मग विरतात. पण "विरले" तो क्षण धूसर असतो, आणि पाटातल्या पाण्यावर शेवाळ-पालापाचोळ्याचा बारीक थर बहुधा असतोच; तो पृष्ठताण कमी करतो, म्हणून तिथे उंबरठा २१ किंवा २० वरही येऊ शकतो. नेमका आकडा हवा असेल तर तबकाकडे वळावे लागते.

दुसरा टप्पा: तबक, पट्टी आणि लाऊडस्पीकर

साठ सेंमी लांब आणि तीस सेंमी रुंद, पारदर्शक तळाचे तबक घ्या. काचेची उथळ मासळीची टाकी किंवा सपाट तळाचा प्लास्टिकचा डबा चालेल. पाणी चार सेंमी खोल भरा.

या चार सेंटिमीटरवर थोडे थांबावे लागेल, कारण शाळा-कॉलेजातल्या तरंग टाकीत सहसा जेमतेम पाच मिलिमीटर पाणी असते आणि तिथेच हा प्रयोग हातातून निसटतो. वरचे सूत्र खोल पाण्याचे. खोली h मर्यादित असेल तर उजवी बाजू tanh(2πh/λ) ने गुणावी लागते. पाच मिलिमीटर पाण्यात ५ सेंमीची लाट २९.५ ऐवजी २२ सेंमी वेगानेच जाते, १.७ सेंमीची २२.५ ने आणि १ सेंमीची २४.६ ने. म्हणजे सगळ्या लाटा जवळपास एकाच वेगाने चालतात. परावर्तन-व्यतिकरण दाखवायला तेच सोयीचे असते, म्हणून तशी खोली ठेवतात. पण इथे ती फसवते: मोजलेला वेग २२-२३ येतो, २३.१ च्या इतका जवळ, की किमान वेग सापडला असे वाटते. प्रत्यक्षात मोजलेला असतो उथळ पाण्याचा वेग, √(gh), म्हणजे २२.१. खोली ४.७ मिमीच्याही खाली गेली तर मधला किमान बिंदू पूर्णच नाहीसा होतो. साधा नियम असा: सर्वांत लांब लाटेच्या निम्म्याहून जास्त खोली. चार सेंमी पाण्यात ६-७ सेंमीपर्यंतची लाट निर्धास्त मोजता येते.

तरंग उठवायला चार इंची लाऊडस्पीकर आणि फंक्शन जनरेटर लागेल. स्पीकरच्या शंकूच्या मध्यावर हलकी काडी चिकटवा, तिच्या टोकाला पंधरा सेंमी लांबीची ताठ प्लास्टिकची पट्टी आडवी बसवा. पट्टीची खालची कड पाण्यात एक-दोन मिलिमीटर बुडालेली राहावी. स्पीकर वेगळ्या स्टँडवर, शक्य तर वेगळ्या टेबलावर. तो तबकाला किंवा त्याच टेबलाला अडकवला, तर तबकच हलते, आणि काठाला चिकटून वर चढलेले पाणी चारी बाजूंनी स्वतःचे तरंग सोडते.

स्पीकर फोनच्या ॲपवर चालवण्याचा मोह टाळा. आपल्याला ६ ते ४० हर्ट्झ हवेत. फोन आणि बहुतेक ॲम्प्लिफायर २० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच पाठवत नाहीत, आणि जे पाठवतात त्यात वरच्या पटीतल्या वारंवारता मिसळलेल्या असतात. फंक्शन जनरेटरचे ५० ओहमचे आउटपुट थेट स्पीकरला जोडले तरी पट्टी मिलिमीटरच्या काही दशांशाएवढी हलते, आणि तेवढे पुरते. लहर साइनच हवी; चौकोनी लहरीत तिप्पट वारंवारतेचा तरंग सोबत येतो. डीसी ऑफसेट शून्यावर ठेवा.

पट्टीच्या समोरच्या टोकाला काचेची किंवा ॲक्रिलिकची पट्टी किनाऱ्यासारखी उतरती ठेवा, म्हणजे लाटा तिच्यावर चढून मरतील. वर गॉजचे कापड पसरले तर आणखी चांगले, पण ते आधी नुसत्या पाण्यात उकळून घ्या. नवा स्पंज वापरू नका. त्यात अनेकदा मऊपणासाठी घातलेली रसायने असतात आणि ती पाण्यावर लगेच पसरतात.

पृष्ठभाग स्वच्छ आहे का

या प्रयोगात बिघडणारी पहिली गोष्ट यंत्र नसते, पाण्याचा पृष्ठभाग असतो. बोट बुडवले तरी त्वचेवरचे तेल एका रेणूच्या जाडीचा थर करायला पुरते. तबक साबणाने धुतल्यावर दहा-बारा वेळा पाणी बदलून खळबळा, शेवटी गरम पाण्याने. पाणी भरल्यावर तबकाच्या रुंदीएवढी स्वच्छ कागदाची पट्टी पृष्ठभागावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढा आणि गोळा झालेला थर पट्टीसकट काढून टाका. असे दोन-तीनदा. पृष्ठभाग पट्टीने ओढून साफ करण्याची ही रीत जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसवली. त्यांचे काम १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आले.

तपासणी सोपी आहे. चिमूटभर टाल्कम पावडर दुसऱ्या एका भांड्यात, त्याच रीतीने साफ केलेल्या पाण्यावर टाका आणि बाजूने हलकी फुंकर मारा. पृष्ठभाग स्वच्छ असेल तर पावडर मोकळी सरकून काठाला जाते आणि तिथेच राहते. थर असेल तर ती फुंकर थांबताच रबरासारखी मागे येते. तबकात पावडर टाकू नये, मोजमापासाठी तिथले पाणी कोरेच हवे.

मोजताना दिसणारे लक्षण वेगळे. स्वच्छ पाण्यात १.७ सेंमीचा तरंग जवळजवळ मीटरभर जाईपर्यंत टिकतो आणि ५ मिलिमीटरचा पंधरा सेंटिमीटर. बारीक तरंग पट्टीपासून दोन-तीन सेंमीतच मरत असतील तर स्पीकरचा आवाज वाढवू नका, पाणी बदला.

फोटो आणि मोजमाप

तबकाच्या वर साठ सेंमीवर एकच लहान, बॅटरीवरचा एलईडी ठेवा आणि तबकाखाली पांढरा कागद. प्रत्येक शिखर बहिर्वक्र भिंगासारखे काम करते आणि कागदावर त्याची उजळ रेघ पडते. घरातल्या विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंदावतात, म्हणून बॅटरी.

मोजपट्टी कागदावर ठेवून फोटो काढणे ही सर्वांत सामान्य चूक. दिवा पाण्यापासून साठ सेंमी वर आणि कागद पाण्याखाली दहा सेंमी असेल तर सावली सहापट-सातपट नव्हे, पण सुमारे सहाला सात या प्रमाणात मोठी पडते, म्हणजे सतरा टक्के. म्हणून पाण्याच्या पातळीवर, नेमक्या दहा सेंमी अंतरावर दोन टाचण्या उभ्या करा आणि त्यांच्या सावल्यांमधले अंतर हेच तुमचे दहा सेंटिमीटर समजा.

शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. या वेळात शिखर पाव मिलिमीटर सरकते. फोनचा कॅमेरा चित्र ओळीओळीने वाचतो, एकदम नाही. पूर्ण चित्र वाचायला वीस मिलिसेकंद लागले तर तेवढ्यात तरंग पाच मिलिमीटर पुढे गेलेला असतो, आणि तरंगाची दिशा वाचण्याच्या दिशेशी जुळली तर λ दीड-दोन टक्के खोटी येते. फोनची लांब बाजू तरंगाच्या चालण्याच्या दिशेत ठेवली की बहुतेक फोनमध्ये हा दोष जातो. खात्रीसाठी फोन १८० अंशांत फिरवून दुसरा फोटो घ्या. दोन्हींत λ सारखी यायला हवी, नाहीतर सरासरी घ्या.

पट्टीजवळचा पहिला तरंग सोडून द्या आणि मधल्या भागात शक्य तितक्या शिखरांचे एकूण अंतर मोजून भागा. बारीक तरंगांत दहा, लांब लाटांत पाच-सहा. २५ अंशांच्या स्वच्छ पाण्यात जे यायला हवे ते असे:

| वारंवारता (हर्ट्झ) | तरंगलांबी (सेंमी) | वेग (सेंमी/सेकंद) |
|---|---|---|
| ६ | ४.८६ | २९.२ |
| ८ | ३.१५ | २५.२ |
| १० | २.३७ | २३.७ |
| १३.५ | १.७१ | २३.१ |
| २० | १.१९ | २३.८ |
| ३० | ०.८६ | २५.७ |
| ४० | ०.६९ | २७.६ |

तक्ता नीट पाहा. १० ते २० हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी दुपटीने बदलत असताना, वेग तीन टक्क्यांत फिरतो. आपले मोजमापच दोन टक्क्यांचे असेल, तर या सपाट तळाशी सर्वांत खालचा ठिपका कोणता निघेल हे निव्वळ योगायोगावर आहे. कोणी १.४ सेंमी सांगेल, कोणी २.१. म्हणून वेगाचा आलेख काढून त्याचा तळ डोळ्यांनी शोधणे इथे व्यर्थ आहे.

सरळ रेषेतून किमान बिंदू

सूत्राच्या दोन्ही बाजूंना λ ने गुणा. f ही वारंवारता धरली तर c म्हणजे fλ, म्हणून:

```
f²λ³ = A·λ² + B
A = g/2π,  B = 2πσ/ρ
```

आडव्या अक्षावर λ², उभ्या अक्षावर f²λ³ घेतले तर सरळ रेषा येते. मग λm = √(B/A) आणि किमान वेग (4AB)^(1/4). ६ आणि ३० हर्ट्झ या दोनच ठिपक्यांवरून पाहू. ६ हर्ट्झला λ² = २३.६२ आणि f²λ³ = ४१३२; ३० हर्ट्झला (λ = ०.८५८ सेंमी धरून) ०.७३६ आणि ५६८. उतार येतो सुमारे १५५.७, छेद सुमारे ४५४. यावरून λm १.७१ आणि वेग २३.१. किमान बिंदूच्या जवळही न जाता तो मिळाला, आणि तोही सपाट तळापेक्षा भरवशाचा.

सर्व ठिपके घेताना एक काळजी. λ मधली तीन टक्क्यांची चूक λ³ मुळे नऊ टक्के होते. ६ हर्ट्झच्या ठिपक्यावर ती जवळजवळ ३७० भरते, आणि B स्वतःच ४५४ आहे. सगळ्या ठिपक्यांना समान वजन दिले तर एका लांब लाटेची चूक B ला कुठेही नेऊन ठेवते. म्हणून प्रत्येक ठिपक्याला त्याच्या उंचीच्या व्यस्तात वजन द्या:

```python
import numpy as np
f = np.array([6, 8, 10, 13.5, 20, 30, 40])
L = np.array([4.86, 3.15, 2.37, 1.71, 1.19, 0.86, 0.69])
x, y = L**2, f**2 * L**3
A, B = np.polyfit(x, y, 1, w=1/y)
print(A, B, (B/A)**0.5, (4*A*B)**0.25)
```

L च्या ओळीत स्वतःची मापे घाला.

आकडे बिघडले तर काय बिघडले

या रेषेचा मोठा फायदा असा की चूक कुठे आहे ते तीच सांगते. g आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून A १५५.८ च्या आसपास यायलाच हवा. A बरोबर आणि B कमी, तर मापे ठीक आहेत, पृष्ठभाग मळला आहे. A आणि B दोन्ही जास्त, आणि B ची वाढ A च्या मानाने खूपच मोठी, तर मोजपट्टीचे प्रमाण चुकले. λ मध्ये १७ टक्क्यांची सरसकट चूक A ला १७ टक्क्यांनी पण B ला ६० टक्क्यांनी फुगवते. आणि फक्त लांब लाटांचे ठिपके रेषेखाली झुकत असतील, तर पाणी उथळ आहे.

१० हर्ट्झच्या जरा खाली, नेमके ९.८ च्या सुमारास, एक विचित्र प्रकार दिसतो. शिखर दुभंगल्यासारखे होते, प्रत्येक लाटेत मध्ये आणखी एक बारीक उंचवटा. हा यंत्राचा दोष नाही. तिथे लाट २.४ सेंमीची असते आणि तिच्या बरोबर निम्म्या लांबीचा, १.२ सेंमीचा तरंग त्याच वेगाने, २३.७ ने, चालतो. दोघे सोबत चालत राहतात आणि पहिली लाट दुसरीला सतत ऊर्जा देत राहते. विल्टन यांनी १९१५ मध्ये याचे गणित मांडले, म्हणून यांना विल्टन तरंग म्हणतात. तिथे शिखरे मोजताना दुप्पट मोजली जातात आणि λ निम्मी लिहिली जाते. स्पीकरची हालचाल कमी करा किंवा ती वारंवारता वगळा. एकूणच तरंगाची उंची लांबीच्या विसाव्या भागापेक्षा कमी असावी. सूत्र लहान तरंगांसाठीच आहे.

काही फोटोंत रेघा ठळक आणि काहींत जवळजवळ नाहीत, असे होत असेल तर समोरच्या टोकाकडून परावर्तन येत आहे आणि तबकात स्थिर तरंग उभा राहिला आहे. अशा वेळी λ मोजू नका. उतरती पट्टी आणखी सपाट कोनात ठेवा.

सगळे जुळल्यावर शेवटी भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका, ढवळा आणि तीच मोजणी पुन्हा करा. पृष्ठताण ३० च्या आसपास उतरला तर A जागचा हलत नाही, B मात्र १९० च्या जवळ येतो; सर्वांत संथ तरंग १.१ सेंमीचा होतो आणि त्याचा वेग सेकंदाला साडेअठरा सेंमी. ३० आणि ४० हर्ट्झचे तरंग आता इतक्या लवकर मरतील की त्यांचे दोन-तीनच शिखर हाती लागतील, म्हणून या फेरीत फोन पट्टीच्या अगदी जवळ आणा आणि ८ ते २० हर्ट्झच्या ठिपक्यांवर भर द्या.